लूप गेननं शून्य डीबी हळू उतारावर का ओलांडावं

प्रश्न: सातपूरच्या एका युनिटमध्ये मी पॉवर सप्लायच्या डिझाइनवर काम करतो. लूप गेन शून्य डीबी ओलांडताना उतार डेकेडला २० डीबीच हवा, ४० नको, असं सगळे सांगतात. पण फेज मार्जिन तर फेजवरून ठरतं, मग उताराचा त्यात काय संबंध? आणि ४० च्या उतारानं ओलांडलं तर प्रत्यक्षात काय बिघडतं?

उत्तर:

उतार आणि फेज या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत असं धरल्यामुळे हा गोंधळ होतो. साध्या आर, एल, सी आणि ऑप-अँपच्या सर्किटमध्ये गेनचा उतार जसा असेल तशीच फेज येते. दोन्ही हव्या तशा निवडता येत नाहीत. गेन डेकेडला २० डीबीनं उतरत असेल तर फेज ९० अंशांनी मागे, ४० नं उतरत असेल तर १८० अंशांनी मागे. आम्ही बोलताना यांना मायनस वन आणि मायनस टू म्हणतो, इथेही तसंच म्हणतो. मायनस वननं शून्य डीबी ओलांडलं तर १८० पर्यंत पोचायला ९० अंश शिल्लक असतात. मायनस टूनं ओलांडलं तर काहीच शिल्लक नसतं. हे शिल्लक अंश म्हणजेच फेज मार्जिन.

हा संबंध बेल लॅब्सच्या हेंड्रिक बोडे यांनी १९४० मध्ये नीट मांडला. त्यांच्या सूत्राचा अर्थ असा, की एखाद्या फ्रिक्वेन्सीवरची फेज म्हणजे सगळ्या फ्रिक्वेन्सींवरच्या उतारांची वजनदार सरासरी असते. जवळच्या उताराला भरपूर वजन मिळतं, लांबच्याला थोडं. मागे एक डेकेड आणि पुढे एक डेकेड एवढ्या पट्ट्यातूनच सुमारे नऊ दशांश फेज ठरते. अर्धी फ्रिक्वेन्सी ते दुप्पट फ्रिक्वेन्सी या चिंचोळ्या पट्ट्यात त्यातली निम्म्याहून जास्त येते. म्हणून अगदी ओलांडण्याच्या बिंदूवर उतार मायनस वन असून भागत नाही, आजूबाजूलाही तो तसाच असावा लागतो. ग्राफवर क्रॉसओव्हरच्या, म्हणजे शून्य डीबी ओलांडण्याच्या बिंदूच्या, आधीपर्यंत मायनस टू, मग चिमूटभर मायनस वन, आणि लगेच परत मायनस टू दिसत असेल, तर नुसत्या उताराकडे बघून निश्चिंत होऊ नका.

किती लांबी पुरते याचा हिशेब सोपा आहे. समजा मायनस टूच्या उतारावर क्रॉसओव्हरच्या k पट खाली एक झिरो टाकला आणि k पट वर एक पोल. म्हणजे मधला मायनस वनचा तुकडा दोन्हीकडे k पट लांब झाला. मग

```
PM = 2*atan(k) - 90°
```

k दोन असेल तर ३७ अंश मिळतात, तीन असेल तर ५३, चार असेल तर ६२. k एक, म्हणजे तुकडाच नाही, तेव्हा शून्य. त्यामुळे दोन्ही बाजूंना तीन-चार पट मोकळी जागा ठेवायची एवढं मी कागदावर पहिल्यांदा बघतो, बाकी सगळं नंतर.

आता शून्य डीबीचाच बिंदू एवढा महत्त्वाचा का, हेही नीट बघू, कारण त्याशिवाय "१८० अंश झाले की ऑसिलेट होतं" असा अर्धवट नियम डोक्यात बसतो. लूप गेनला T म्हणू. फीडबॅक बाहेरचा कुठलाही धक्का 1+T नं भागून कमी करतो. कमी फ्रिक्वेन्सीवर T शंभर असेल आणि फेज १८० अंश मागे असेल, तर 1+T म्हणजे उणे ९९. चिन्ह उलटं असलं तरी आकडा मोठा आहे, धक्का शंभराव्या हिश्शावर आला, काही बिघडलं नाही. फार वरच्या फ्रिक्वेन्सीवर T शतांश असेल तर 1+T जवळपास एकच, तिथे फीडबॅक आहे काय आणि नाही काय. धोका फक्त T चा आकार एक असतो तिथे, म्हणजे शून्य डीबीवर. तिथे फेज १८० झाली तर 1+T शून्य होतं. १८० च्या थोडी अलीकडे राहिली तर 1+T चा आकार दोन गुणिले मार्जिनच्या अर्ध्या कोनाची साइन इतका भरतो. मार्जिन ६० अंश असेल तर तो बरोबर एक होतो. १० अंश असेल तर ०.१७. म्हणजे त्या फ्रिक्वेन्सीवर लोडचा धक्का कमी व्हायचा सोडून जवळजवळ सहापट वाढतो. फीडबॅक काढून टाकला असता तर त्या एका फ्रिक्वेन्सीवर आउटपुट जास्त शांत राहिलं असतं. कमी मार्जिनचं खरं नुकसान हे आहे, आणि ते ऑसिलेशन सुरू होण्याच्या कितीतरी आधी सुरू होतं.

हे सगळं एका केसमध्ये दाखवतो, कारण तीत फक्त एक भाग बदलला होता आणि उतार मायनस वनचा मायनस टू झाला होता.

अंबडला आमच्या वर्कशॉपमध्ये एक कार्ड आलं होतं. दिंडोरीकडच्या द्राक्षांच्या प्रीकूलिंग युनिटच्या पॅनेलमधलं, २४ व्होल्टवरून ५ व्होल्ट, ५ अँपिअरपर्यंत, सिंक्रोनस बक, व्होल्टेज मोड. स्विचिंग २०० किलोहर्ट्झ, इंडक्टर २२ मायक्रोहेन्री, आउटपुटला २२० मायक्रोफॅरड. पीडब्ल्यूएमचा रॅम्प २ व्होल्टचा. मूळ डिझाइनमध्ये साधा इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर होता, ईएसआर सुमारे ०.१ ओहम. पॅनेल कंप्रेसरशेजारी, आतली हवा तापलेली, त्यामुळे दोन-तीन वर्षांत कपॅसिटर सुकायचे. म्हणून कार्ड बनवणाऱ्यांनी शहाणपणानं त्या जागी तेवढ्याच किमतीचा, म्हणजे २२० मायक्रोफॅरडचाच, पॉलिमर कपॅसिटर घातला. ईएसआर ०.०१ ओहम. बाकी एकही रेझिस्टर बदलला नाही.

टेबलावर ते कार्ड उत्तम चाललं. ५ अँपिअरचा स्थिर लोड लावून रिपल बघितला तर आधीच्या ९० मिलिव्होल्टचा ९-१० झाला होता. हे अपेक्षितच होतं, इंडक्टरमधून ०.९ अँपिअरचा रिपल करंट येतो आणि तो ईएसआरमधून जातो, ईएसआर दहावा हिस्सा झाला की रिपलही दहावा. स्कोपवरची रेष इतकी स्वच्छ दिसल्यावर कुणालाही वाटेल की काम झालं.

तक्रार आली ती हंगामात, फेब्रुवारीत. रात्री माल भरून झाला, डिस्प्ले आणि मॉडेम झोपले, लोड ०.३ अँपिअरवर आला की कार्ड मध्येच रिसेट व्हायचं. आमच्याकडचा तरुण मुलगा तिथे गेला तेव्हा त्यानं फोनवर पहिली गोष्ट सांगितली ती ही, की पॅनेल उघडलं की बारीक शिट्टी ऐकू येते. मी दुसऱ्या दिवशी गेलो, मला ती ऐकू आली नाही. स्कोप लावल्यावर १२ किलोहर्ट्झची लाट दिसली. त्या फ्रिक्वेन्सीचा आवाज वीस-बावीस वर्षांच्या कानाला ऐकू येतो, माझ्या वयाच्या कानाला येत नाही. पण १२ हा आकडा कळताच मला कुठे बघायचं ते समजलं, कारण स्विचिंग २०० चं होतं. त्याच्या खाली इतक्या लांब काही घुमत असेल तर ते बहुधा लूपच असतं.

आता हिशेब. एल आणि सीची रेझोनन्स फ्रिक्वेन्सी २.३ किलोहर्ट्झ. तिच्यापुढे फिल्टरचा गेन मायनस टूनं कोसळतो, हा एलसीचा स्वभाव आहे. कमी फ्रिक्वेन्सीवर प्लँटचा, म्हणजे पीडब्ल्यूएम आणि फिल्टर यांचा मिळून, गेन २४ भागिले २, म्हणजे १२. जुन्या कपॅसिटरमध्ये ईएसआरनं ७.२ किलोहर्ट्झला एक झिरो दिला होता, आणि तिथून पुढे उतार आपोआप मायनस वन झाला होता. डिझाइन करणाऱ्यानं त्याचाच आधार घेऊन टाइप टू कॉम्पेन्सेटर लावला: एक इंटिग्रेटर, १.५ किलोहर्ट्झला झिरो, १०० किलोहर्ट्झला पोल, मधला सपाट गेन सुमारे ७ डीबी. असं केल्यावर क्रॉसओव्हर २० किलोहर्ट्झला येतो. स्विचिंगचा दहावा भाग, नेहमीचा आणि सुरक्षित. त्याच्या आधी तिपटीजवळ ईएसआर झिरो, पुढे पाचपट अंतरावर पोल. मार्जिन निघतं ६० अंश. डिझाइन चांगलं होतं, हे मी मुद्दाम सांगतो. फक्त कपॅसिटरचा दोष त्यात एका भागासारखा वापरला होता, आणि तो भाग सर्किटच्या ड्रॉइंगवर कुठेच दिसत नव्हता.

पॉलिमर आला आणि तो झिरो ७.२ वरून ७२ किलोहर्ट्झला गेला. आता एलसीच्या रेझोनन्सपासून ७२ पर्यंत, म्हणजे दीड डेकेड, सलग मायनस टू. कॉम्पेन्सेटर त्या भागात सपाट आहे, तो उतार बदलत नाही. उतार तीव्र झाल्यामुळे रेषा शून्य डीबीला लवकर येऊन टेकली, २० ऐवजी १२ किलोहर्ट्झला. ती शिट्टी हीच. मार्जिन किती उरलं हे तुम्हीच ऑक्टेव्हमध्ये टाकून बघा:

```
f0=2288; fc=12.1e3; fesr=72.3e3; fz=1500; fp=100e3;
tau=37.4e-6;              % L/R + (ESR+Rs)*C
x=(fc/f0)^2; w=2*pi*fc;
pm = atand(fc/fesr) + atand(w*tau/(x-1)) ...
     - 90 + atand(fc/fz) - atand(fc/fp)
```

यात R म्हणजे लोडचा रेझिस्टन्स, आणि Rs म्हणजे इंडक्टरच्या तारेचा आणि मॉसफेटचा मिळून रेझिस्टन्स, मी ०.०६ ओहम धरला आहे. उत्तर दीड अंश येतं. हे ५ अँपिअरच्या पूर्ण लोडवर. लोड ०.३ अँपिअर केला की L/R ची संज्ञा जवळपास जाते, tau १६.७ मायक्रोसेकंदांवर येतो आणि मार्जिन शून्याच्या खाली, उणे दीड-पावणेदोन अंशांवर जातं. म्हणून टेबलावर पूर्ण लोडला कार्ड शांत आणि दिंडोरीत रात्री हलक्या लोडला ऑसिलेट. टेबलावरसुद्धा ते शांत फक्त लोड स्थिर होता म्हणून दिसत होतं. नंतर मी पूर्ण लोडवरच करंट एकदम एक अँपिअरनं कमीजास्त करून बघितला, तेव्हा आउटपुट तीन मिलिसेकंद वाजत राहिलं, तीस-पस्तीस लाटा मोजता आल्या. जुन्या कपॅसिटरवर तोच धक्का दिला तर एक छोटा खड्डा पडतो आणि परत येताना किंचित वर जाऊन रेष बसते.

इथे एक गोष्ट हळू वाचा, कारण बहुतेक जण याच जागी दिवस घालवतात. ऑसिलेशन दिसलं की पहिला उपाय सुचतो तो गेन कमी करण्याचा. त्या मुलानंही फीडबॅकमधला रेझिस्टर बदलून गेन १० डीबीनं उतरवून पाहिला. शिट्टी १२ वरून ७ किलोहर्ट्झला आली, थांबली नाही. कारण सरळ आहे: रेषा वरखाली सरकवली तरी ती शून्य डीबीला ओलांडते त्याच मायनस टूच्या उतारावर. ७ किलोहर्ट्झला रेझोनन्स जवळ आल्यानं थोडं डँपिंग मिळतं, पण कॉम्पेन्सेटरचा १.५ किलोहर्ट्झचा झिरोही जवळ आल्यानं त्याची फेज तेवढीच मागे पडते. पूर्ण लोडलाही उरतो एखादा अंश. गेन वाढवून ३० किलोहर्ट्झला नेलं तर ईएसआर झिरोची थोडी मदत होते आणि पाचेक अंश मिळतात, त्यानं ऑसिलेशन थांबल्यासारखं वाटतं आणि कार्ड परत पाठवलं जातं. लांबच लांब मायनस टू असेल तिथे गेनचं बटण उपयोगाचं नाही. उतारच बदलावा लागतो.

उतार बदलायचा म्हणजे क्रॉसओव्हरच्या आधी अजून एक झिरो आणायचा. कॉम्पेन्सेटर टाइप थ्री केला. ऑप-अँपच्या इनपुटकडच्या वरच्या डिव्हायडर रेझिस्टरला समांतर एक छोटा रेझिस्टर-कपॅसिटर जोडून २.३ किलोहर्ट्झला दुसरा झिरो टाकला, म्हणजे एलसी जिथे मायनस टू सुरू करतो तिथेच तो एक पायरी परत देतो. दुसरा पोल ७२ किलोहर्ट्झला, ईएसआर झिरोच्या बरोबर डोक्यावर. आता रेझोनन्सपासून १०० किलोहर्ट्झच्या जवळपर्यंत उतार मायनस वन. २० किलोहर्ट्झला ओलांडायचं असेल तर तिथे प्लँटचा गेन उणे १६ डीबी आहे, म्हणून कॉम्पेन्सेटरनं तिथे अधिक १६ डीबी द्यायला हवेत. कागदावर मार्जिन ७१ अंश येतं. बांधून मोजलं तर १९ किलोहर्ट्झ आणि ६६ अंश आले. पीडब्ल्यूएम कंपॅरेटर आणि ड्रायव्हरचा थोडा उशीर हिशेबात नव्हता, तो तिथे दिसला.

मायनस वनचा तुकडा लांब असण्याचा फायदा याच कार्डावर दिसला. मुद्दाम गेन ६ डीबीनं वर आणि खाली केला. क्रॉसओव्हर १० पासून ४० किलोहर्ट्झपर्यंत फिरला आणि मार्जिन दोन्हीकडे साठाच्या आसपास किंवा वर राहिलं. प्रत्यक्षात गेन हलतोच. पॅनेलचा २४ व्होल्टचा सप्लाय १८ पर्यंत खाली आला की प्लँटचा गेन अडीच डीबीनं कमी होतो, कपॅसिटर जुना होतो, इंडक्टरचा कोअर जास्त करंटला सॅच्युरेट होऊ लागतो. क्रॉसओव्हर जिथे जाईल तिथे मायनस वन सापडला पाहिजे.

टाइप थ्रीची एक अट विसरली जाते. दोन झिरोंच्या पुढे कॉम्पेन्सेटरचा गेन वर चढत जातो, ७२ किलोहर्ट्झला तो कागदावर तेरापट असतो. ऑप-अँपची बँडविड्थ १ मेगाहर्ट्झ असेल तर तिथे त्याच्याकडे ओपन लूपमध्येच चौदापट उरतात. तेरासाठी चौदा कसे पुरणार? तो ऑप-अँप स्वतःचा पोल घालतो, मायनस वनचा तुकडा पुढून कापला जातो आणि मिळवलेली फेज परत जाते. सिम्युलेशनमध्ये आदर्श ऑप-अँप टाकला असेल तर हे दिसत नाही. अशा जागी मी १० मेगाहर्ट्झच्या खाली जात नाही.

दुसरे दोन मार्गही होते. पॉलिमरला समांतर एक इलेक्ट्रोलायटिक ठेवायचा, त्याच्या ईएसआरमुळे रेझोनन्सलाच डँपिंग मिळतं. पण इथे इलेक्ट्रोलायटिक सुकतात हीच मूळ तक्रार होती. आणि ईएसआर वाढण्याचाही वेगळा त्रास आहे: तो ०.१ चा ०.३ झाला की झिरो २.४ किलोहर्ट्झला उतरतो, क्रॉसओव्हर ५० किलोहर्ट्झच्या वर पळतो आणि स्विचिंगचा रिपल कॉम्पेन्सेटरमधून पीडब्ल्यूएमला हलवू लागतो. जुनी कार्डं ज्या तऱ्हेनं बिघडायची ती ही. दुसरा मार्ग करंट मोड कंट्रोलरचा. त्यात इंडक्टरचा पोल लूपमधून जवळजवळ निघून जातो आणि प्लँट स्वतःच मायनस वननं उतरतो. नवं डिझाइन असतं तर मी तेच केलं असतं. पण कार्डं छापून तयार होती, त्यात चार भाग बदलणं परवडणारं होतं.

मग उतार मायनस वनपेक्षाही हळू का ठेवू नये, मार्जिन अजून वाढेल की, असं तुमच्या मनात येईल. येऊ शकतं, पण किंमत दुसरीकडे मोजावी लागते. क्रॉसओव्हर ठरलेला असेल आणि तिथवर रेषा हळू उतरत आली असेल, तर मागे, कमी फ्रिक्वेन्सीवर, गेन तेवढाच कमी असणार. गेन कमी म्हणजे लोड हलला की व्होल्टेज जास्त हलणार, आणि इनपुटवरचा १०० हर्ट्झचा रिपल पुढे येणार. उलट दिशेनं, कमी फ्रिक्वेन्सीवर जास्त गेन हवा म्हणून मागच्या भागात मायनस टू मुद्दाम ठेवला जातो, त्यात काही गैर नाही. फक्त क्रॉसओव्हरच्या तीन-चार पट आधी तो मायनस वन झाला पाहिजे. दोघांच्या मधला, डेकेडला ३० डीबीचा सरासरी उतार आला तर फेज १३५ च्या जवळ आणि मार्जिन ४५ च्या. ते चालवून घेतात, धक्क्याला सुमारे २० टक्के ओव्हरशूट धरून.

आता उतार आणि फेजचं हे नातं कुठे तुटतं ते सांगायला हवं, नाहीतर हळू उतारावर डोळे मिटून विश्वास बसेल. बोडेंचा संबंध फक्त मिनिमम फेज सर्किटला लागू आहे. दोन जागी तो मोडतो आणि दोन्ही तुमच्या कामात येणार.

पहिली जागा उशीर, म्हणजे डिले. मायक्रोकंट्रोलरनं एडीसी वाचून, गणित करून, पुढच्या सायकलला ड्यूटी बदलली तर एकूण दीड सायकलचा उशीर धरतात. २०० किलोहर्ट्झला तो ७.५ मायक्रोसेकंद. यानं गेन एका डीबीनंही बदलत नाही, ग्राफवरचा उतार तसाच सुंदर मायनस वन दिसतो. पण २० किलोहर्ट्झला फेज ५४ अंशांनी मागे जाते. वरचं ७१ अंशांचं डिझाइन जसंच्या तसं कोडमध्ये उतरवलं तर १७ अंश उरतील. नाशिकच्या माणसाला हे नदीवरून लगेच पटेल. गंगापूर धरणातून सोडलेलं पाणी होळकर पुलाखाली काही वेळानं पोचतं. कुणी फक्त पुलाखालची पातळी बघून धरणाचे दरवाजे खालीवर करायला लागला, तर त्यानं दरवाजा बंद करेपर्यंत आधी सोडलेलं पाणी वाटेतच असणार, आणि पातळी नको तेव्हा वर, नको तेव्हा खाली जात राहणार. दरवाजे किती उघडले यात चूक नसते, पाणी उशिरा दिसतं ही अडचण असते. डिले असेल तर क्रॉसओव्हरच खाली आणायचा, उताराशी खेळून फार काही मिळत नाही.

दुसरी जागा बूस्ट आणि बक-बूस्ट कन्व्हर्टरमधला राइट हाफ प्लेन झिरो. तो जास्त फसवा आहे, कारण तो गेनचा उतार हळू करतो, अगदी चांगल्या झिरोसारखा, आणि फेज मात्र मागे नेतो. ग्राफवर उतार मायनस टूचा मायनस वन होताना दिसला आणि तो या झिरोमुळे असेल तर ती मदत नाही. म्हणून बूस्टमध्ये त्या झिरोच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाच्या आत क्रॉसओव्हर उरकावा लागतो.

तुमच्या कार्डावर काय आहे हे बघायचं तर दोन गोष्टी करा. आधी लोड एकदम बदलून स्कोपवर आउटपुट बघा, पूर्ण लोडला आणि अगदी हलक्या लोडला, दोन्हीकडे. लाटा दिसल्या तर त्यांची फ्रिक्वेन्सी म्हणजे साधारण तुमचा खरा क्रॉसओव्हर, आणि लाटांची संख्या म्हणजे मार्जिनचा अंदाज: एखादीच असेल तर साठाच्या आसपास, तीन-चार असतील तर तिसाच्याही खाली, मोजता मोजता कंटाळा आला तर एक आकडी.

मग जमलं तर लूप प्रत्यक्ष मोजा. आउटपुट आणि डिव्हायडरचा वरचा रेझिस्टर यांच्या मधली तार तोडून तिथे २० ते ५० ओहमचा रेझिस्टर घाला, त्याच्या दोन टोकांवर ट्रान्सफॉर्मरमधून छोटा साइन सिग्नल द्या, आणि रेझिस्टरच्या दोन्ही टोकांच्या व्होल्टेजचं गुणोत्तर व फेज प्रत्येक फ्रिक्वेन्सीला नोंदवा. फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स अ‍ॅनालायझर नसेल तर हल्लीच्या काही स्कोपमध्ये ही सोय असते. दोन चॅनेल आणि फंक्शन जनरेटर घेऊन हातानं आठ-दहा बिंदू घेतले तरी क्रॉसओव्हरजवळचा उतार कळतो. सिग्नल एवढा लहान ठेवा की तो अर्धा केल्यावर उत्तर बदलणार नाही. मोजताना फक्त मार्जिनचा आकडा लिहून थांबू नका, क्रॉसओव्हरच्या निम्म्या आणि दुप्पट फ्रिक्वेन्सीचा गेनही लिहा. त्या दोघांत १२ डीबीच्या आसपास फरक असेल तर मायनस वन, २४ च्या जवळ असेल तर मायनस टू.

दिंडोरीच्या त्या कार्डाचं ड्रॉइंग आम्ही नंतर दुरुस्त केलं. आउटपुट कपॅसिटरशेजारी आता मायक्रोफॅरड आणि व्होल्टेजसोबत तिसरी ओळ आहे: ईएसआर ५ ते २० मिलिओहम, याबाहेरचा भाग बसवायचा असेल तर आधी लूप मोजणे.